बाधकेश आणि रात्रीचा एक



यंदा श्रावणात लिहायला उशीर झाला. कारण घरचंच होतं. धाकटीला उदगीरकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, माणसं ओळखीतली, दोन्हीकडच्या मंडळींचं बोलणंही झालेलं. पत्रिका दिली आणि आठ दिवसांनी निरोप आला, "मुलीच्या पत्रिकेत सप्तमेश गुरू हाच बाधकेश आहे, आणि महादशाही गुरूचीच लागलेली आहे. आमचे गुरुजी थांबा म्हणतात."

मंगळ, नाडी, गुण हे शब्द आपल्याला पाठ असतात. बाधकेश हा शब्द मात्र मी पहिल्यांदाच ऐकला. शब्द कळला नाही की भीती दुप्पट होते. त्या रात्री मला झोप नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी मी लातूरला जाऊन गुरूचा म्हणून पुष्कराजही घेऊन आले. तो का घेतला, हे आज विचारलंत तर उत्तर नाही. काहीतरी केलं असं वाटावं म्हणून, एवढंच.

मग औशाला मामांकडे गेले. मामा शाळेत गणित शिकवायचे, पत्रिका हौसेने बघतात, पैसे घेत नाहीत. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर बारा घरं काढली आणि म्हणाले, "हे बघ माय, आधी नियम समजून घे, मग घाबरायचं का नाही ते ठरव."

नियम सोपा आहे. जन्माच्या वेळी पूर्वेला जी रास उगवत असते ती लग्नरास. (इथे लग्न म्हणजे विवाह नव्हे, हे मी आईला तीनदा सांगितलं.) बारा राशींचे तीन गट आहेत. मेष, कर्क, तूळ, मकर या चर, म्हणजे चालत्या. वृषभ, सिंह, वृश्चिक, कुंभ या स्थिर. मिथुन, कन्या, धनू, मीन या द्विस्वभाव. चर लग्नाला अकरावं घर बाधक, स्थिर लग्नाला नववं, द्विस्वभाव लग्नाला सातवं. त्या घरातल्या राशीचा जो स्वामी, तो बाधकेश. मेष लग्न असेल तर अकराव्या घरात कुंभ येते, म्हणून शनी बाधकेश. सिंह लग्न असेल तर नवव्यात मेष, म्हणून मंगळ. मिथुन असेल तर सातव्यात धनू, म्हणून गुरू.

मामांनी लक्षात ठेवायची एक खूणही सांगितली. मोजून बघा, चर राशीचं बाधक घर नेहमी स्थिर राशीत पडतं, स्थिर राशीचं चर राशीत, आणि द्विस्वभावाचं द्विस्वभावातच. चालणाऱ्याला थांबलेला आडवा येतो आणि थांबलेल्याला चालणारा.

आता अकरावं घर कशाचं? लाभाचं. नववं भाग्याचं, धर्माचं. सातवं जोडीदाराचं. एरवी ज्या घरांसाठी आपण पत्रिका घेऊन धावतो तीच ही घरं. जिथून चांगलं यायचं तिथूनच अडथळाही येतो, असं हा नियम म्हणतो. म्हणून ज्योतिष्यांतच यावर दोन मतं आहेत. सिंह लग्नाला मंगळ चौथ्या आणि नवव्या घराचा स्वामी, म्हणजे केंद्र-त्रिकोणाचा, राजयोग देणारा म्हणतात. तोच बाधकेश. वृषभ लग्नाला शनीचं तसंच. मग मंगळाच्या दशेत त्या माणसाला राजयोग मिळणार की बाधा? मामा म्हणाले, "ज्याला जे सांगायचं असतं ते तो सांगतो."

हा नियम मुळात ज्या अंगाने वापरला गेला तेही त्यांनी सांगितलं. 'प्रश्नमार्ग' हा सतराव्या शतकातला केरळचा ग्रंथ. त्यात बाधकाचा विचार मुख्यतः प्रश्नकुंडलीत येतो. घरात कुणी आजारी आहे, औषध लागू पडत नाही, अशा वेळी प्रश्न विचारला तेव्हाची कुंडली मांडायची, आणि बाधक घर व त्याचा स्वामी पाहून हा कोप देवाचा, सर्पाचा, पितरांचा की कुणाच्या नजरेचा हे ठरवायचं. पुढे कृष्णमूर्ती पद्धतीने बाधक आणि मारक घरांना जन्मपत्रिकेतही मोठी जागा दिली, आणि ती पद्धत आपल्या महाराष्ट्रात भरपूर चालते. म्हणजे आजाऱ्याच्या उशाशी बसून विचारायचा प्रश्न आता सोयरिकीच्या बैठकीत आला आहे.

तोवर मी थोडी शांत झाले होते. कारण एक साधी गोष्ट कळली होती: बाधकेश नसलेली पत्रिकाच नाही. बारापैकी कुठलंही लग्न घ्या, त्याला बाधक घर आहेच. मिथुन, कन्या, धनू आणि मीन लग्नाच्या प्रत्येक मुलीचा आणि मुलाचा सप्तमेश हाच बाधकेश असतो. तेवढ्यावर विवाह थांबवायचे तर या चार लग्नांची सगळी माणसं अविवाहित राहायला हवी होती. बाधकेश कुठे बसला, कुणाबरोबर आहे, त्याची दशा कधी, हे न बघता नुसतं "बाधक आहे" म्हणणं म्हणजे काहीच न सांगणं.

मग मामांनी विचारलं, "जन्मवेळ कुठून दिलीस?"

आता खरी गोष्ट सांगते. धाकटी १९९९ ची, राखीपौर्णिमेच्या पहाटेची. म्हणजे बुधवारी रात्री कळा सुरू झाल्या आणि मध्यरात्र उलटल्यावर, २६ ऑगस्ट लागल्यावर ती झाली. सासूबाईंनी कालनिर्णयच्या पानामागे लिहून ठेवलं होतं, "बुधवार, रात्री १ वा." आपल्या जुन्या माणसांचा वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून त्यांच्या हिशेबी तो बुधवारच. एखाद्याने यावरून २५ तारखेचा रात्रीचा एक धरला तर चंद्र एक दिवस मागे जाईल आणि सगळ्या दशाच बदलतील. तेवढी चूक आमच्याकडून झाली नव्हती. पण "एक" म्हणजे किती? दवाखान्याच्या कागदावर एक वाजून दहा मिनिटं आहे. तिथेही कुणी बाळाच्या पहिल्या रडण्याला घड्याळ लावून बसलेलं नव्हतं. माझं विचाराल तर मला त्या रात्रीचा फक्त पाऊस आठवतो.

मामांनी गणित केलं. त्या रात्री निलंग्याच्या आकाशात वृषभ लग्न संपून मिथुन लागलं ते साधारण एक वाजून नऊ मिनिटांनी. सासूबाईंचा एक धरला तर वृषभ, दवाखान्याचा एक दहा धरला तर मिथुन. याला लग्नसंधी म्हणतात. वेळ अशी काठावर असली की अयनांश कुठला घेतला यानेही रास बदलते. लाहिरी सोडून रामन अयनांश घेतला तर मिथुन पाच-सहा मिनिटं आधीच लागतं.

आता त्या दहा मिनिटांत काय काय फिरलं ते बघा. १९९९ च्या त्या दिवसांत गुरू आणि शनी दोघेही मेषेत होते. मिथुन लग्न धरलं तर बाधकेश गुरू अकराव्या, लाभाच्या घरात बसतो आणि नवव्या दृष्टीने आपल्याच सातव्या घराकडे पाहतो. एक ज्योतिषी म्हणेल, सप्तमेश लाभात, स्वगृहावर दृष्टी, उत्तम संसार. दुसरा म्हणेल, बाधकेशाची दृष्टी विवाहस्थानावर, सांभाळा. ग्रह तोच, घर तेच. वृषभ धरलं तर बाधकेश बदलून शनी होतो, तोही बाराव्या घरात, नीच राशीत. आणि मंगळ वृश्चिकेत असल्याने सातव्यात येतो, म्हणजे पोरगी मंगळाची! मिथुनेला तोच मंगळ सहाव्यात जातो आणि मंगळ उरतच नाही.

दशा तेवढ्या बदलत नाहीत, कारण त्या चंद्राच्या नक्षत्रावरून येतात आणि दहा मिनिटांत चंद्र जेमतेम हलतो. चंद्र धनिष्ठेत. जन्म मंगळाच्या दशेत, मग राहूची अठरा वर्षं, आणि २०२४ च्या सुमारास गुरूची सोळा वर्षांची महादशा. मिथुन असेल तर ही अख्खी महादशा बाधकेशाची. वृषभ असेल तर त्याच गुरूच्या महादशेत २०२६ पासून सुमारे अडीच वर्षं शनीची अंतर्दशा, म्हणजे पुन्हा बाधकेशाचीच. कुठल्याही बाजूने आलं तरी "सध्या बाधा आहे" हे सांगता येतंच.

"मग खरं लग्न कुठलं?" मी विचारलं. मामा म्हणाले, मागच्या घटना लावून वेळ शुद्ध करतात. आम्ही बसलो. दहावीच्या वर्षी तिचा हात मोडला, लहान वयात आजोबा गेले, पहिली नोकरी सुटली. दोन्ही कुंडल्यांत प्रत्येक गोष्टीला काही ना काही कारण सापडलं. तेव्हा मामांनीच वही मिटली.

त्यांनीच मग डॉ. जयंत नारळीकरांच्या चाचणीची आठवण काढली. नारळीकर आणि डॉ. दाभोलकर वगैरे मंडळींनी हुशार आणि मतिमंद मुलांच्या दोनशे पत्रिका गोळा केल्या होत्या. सत्तावीस ज्योतिष्यांना प्रत्येकी चाळीस पत्रिका देऊन कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. उत्तरं बरोबर आली शेकडा ४६, म्हणजे नाणं उडवण्याइतकीही नाहीत. मामा इतकी वर्षं पत्रिका बघतात आणि हे स्वतः सांगतात, याचं मला नवल वाटलं. ते म्हणाले, "मला गणित आवडतं. भाकीत मी सांगत नाही."

आपल्याकडेही अडथळ्याला शब्द आहे, अंतराय. लाभांतराय तर थेट अकराव्या घराची आठवण करून देतो. पण तो आपल्याच बांधलेल्या कर्माचा असतो, ग्रह तो आणत नाही. माताजींकडे हे बोलले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मुलीला विचारलं का, तिला ते घर आवडलं होतं का?" विचारलं नव्हतं.

विचारलं. ती म्हणाली, "आई, त्या लोकांनी पहिल्याच भेटीत नोकरी सोडशील ना म्हणून विचारलं होतं. मी नाही म्हणाले होते." हे मला माहीतच नव्हतं. पुढे मध्यस्थ बाईंकडूनही तेच कळलं. नोकरीवरून नाही म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून गुरूचं नाव पुढे केलं होतं.

पुष्कराज राहिलाच. मामांना दाखवला तर त्यांनी कपाळाला हात लावला. मिथुन धरलं तर गुरू बाधकेश, आणि बाधकेशाचं रत्न घालू नये, त्याला कशाला बळ द्यायचं, असं बरेच ज्योतिषी मानतात. वृषभ धरलं तर गुरू आठव्या घराचा स्वामी, तेव्हाही नको. म्हणजे मी घाबरून आणलेला खडा कुठल्याच हिशेबात बसत नव्हता. दुकानदार परत घ्यायला तयार नाही, बदलून दुसरा घ्या म्हणतो. सध्या तो कपाटात कुंकवाच्या डबीत आहे. धाकटी आता नवीन स्थळांना वेळ लिहून देते: रात्री १.०० ते १.१५.