तीस सेकंद आणि एक कुंडी

लिफ्टमध्ये तुम्ही काय करता? मोबाईलमध्ये डोकं खुपसता, नाहीतर मजल्यांचे आकडे मोजता. आमची वहिनी तिथे धंदा करते! ती ऑफिसांना भाड्याने कुंड्या पुरवते. तिच्या टेम्पोचा हप्ता डोक्यावर होता आणि आमच्याच बिल्डिंगमधल्या नवव्या मजल्यावर 40 कुंड्यांचं काम मिळण्यासारखं होतं. तिथले अ‍ॅडमिन मॅनेजर फक्त लिफ्टमध्येच सापडायचे. म्हणजे हातात जेमतेम 30 सेकंद.

मी घड्याळ लावून म्हटलं, "वहिनी, बोल." तिने सुरुवात केली ती बॉटनीच्या डिग्रीपासून. मग नोकरी का सोडली, नर्सरी कुठे आहे, झाडांचे 25 प्रकार... 30 सेकंद संपले तरी आम्ही नर्सरीतच! माणूस खोटं काही सांगत नाही, पण स्वतःबद्दल सांगतो. समोरच्याला मात्र त्याच्या डोक्याला होणारा ताप तेवढा कळतो.

मग आम्ही उलटं गेलो. त्या ऑफिसात नक्की बिघडतं काय? झाडं मरतात. का मरतात? एसीत माती वरून कोरडी दिसते, म्हणून जो तो बाटलीतलं उरलेलं पाणी ओततो (चहासुद्धा, मी पाहिलंय). खाली माती ओलीच राहते आणि मुळं कुजतात. डिग्री गेली, 25 प्रकार गेले. उरलं ते हे:

"तुमच्या ऑफिसातली झाडं दर दोन-तीन महिन्यांनी मरतात ना? एसीत माती वरून सुकते, म्हणून जो तो पाणी ओततो आणि आतून मुळं कुजतात. मी कुंड्या भाड्याने देते. आमचा माणूस आठवड्यातून एकदा येतो, बोट घालून माती बघतो, मगच पाणी देतो. झाड मेलं तर नवं आम्ही आणतो, त्याचे पैसे नाहीत. मंगळवारी दहा मिनिटं येऊन तुमच्या कुंड्या बघू का?"

54 शब्द. घाई न करता 27 सेकंद. 80 शब्द कोंबले असते तर ती बातम्या वाचतेय असंच वाटलं असतं.

शेवटचं वाक्य माझ्या मते सगळ्यात महागाचं. "ऑर्डर द्या" म्हटलं की माणूस विचार करतो म्हणतो, आणि तो विचार कधी संपत नाही. दहा मिनिटांना नाही म्हणायला मात्र कारण शोधावं लागतं. दर मुद्दामच गाळला. तो त्यांनी विचारावा, आणि विचारला की उत्तर तयार हवं. "वा, छान! कार्ड द्या" ऐकू आलं तर समजायचं, मासा गळाला लागलेला नाही.

नवव्या मजल्याच्या साहेबांनी कार्ड मागितलं नाही. दार उघडल्यावर त्यात पाय अडकवून त्यांनी विचारलं, "कुंडीमागे महिन्याला किती घेता? आणि मंगळवारी नको, बुधवारी या."