धोंडूचा विश्वनाथ

माझ्या आधीचीं दोन भावंडें पाळण्यांतच गेलीं. म्हणून बाराव्या दिवशीं माझें नांव 'विश्वनाथ' ठेविलें, तरी आजीनें मला 'धोंडू' म्हणावयास आरंभ केला. धोंड्याकडे कोण पाहतो? काळही तसाच पुढें जाईल, ही तिची समजूत. राजूरच्या शाळेंत मला तीच घेऊन गेली. पटावर 'धोंडू'च लागलें.

कॉलेजच्या प्रवेश-अर्जावर मीं 'विश्वनाथ' लिहिलें. कारकुनानें शाळेचा दाखला पाहून तें खोडलें. नांव बदलावयाचें तर आधीं राजपत्रांत प्रसिद्ध झालें पाहिजे, असें तो म्हणाला.

घरीं येऊन मीं रागानेंच आजीला म्हणालों, "मुलें मला हंसतात. मला माझें नांव हवें."

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अठरा वर्षें निभावलीं. आतां तुला तें नांव घ्यावयास हरकत नाहीं. कर सही."

पुढें राजपत्रांत नांव आलें. सुटी संपवून मी निघालों, तेव्हां हातावर दहीं घालून ती प्रथमच म्हणाली, "विश्वनाथ, जपून जा." पण एस. टी. हालतांच तिच्या तोंडून "धोंडू!" निघून गेलें, आणि मीं खिडकींतून ओ दिली.