साठाच्या पुढचे तास

गगनबावड्यात मातीकामाचा हंगाम जूनमध्ये संपतो. कोल्हापूर जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस पडणारा हा तालुका. पाऊस एकदा लागला की उतारावर मशीन चढत नाही. त्यामुळे मे महिन्यात जागामालक फोनवर कामे वाढवत जातात, मशीनवाला ती करत जातो आणि वर्कऑर्डरवरची तासांची मर्यादा मागेच राहते. भांडण पुढे बिलावर होते आणि आता ते मेलवर होते.

असा मेल लिहिणे हीही कारागिरीच आहे. ती उलगडण्यासाठी एक नमुना हिशेब मांडू. पुण्याच्या मालकाने उतारावरची जागा सपाट करून घ्यायला जेसीबी लावला. ऑर्डर अशी: माती काढणे, १,२०० रुपये तास, कमाल ६० तास, मशीनची ने-आण मशीनवाल्याकडे. मीटर ८४ तास चालला. मालकाने साठांचे पैसे पाठवले आणि कळवले, ‘मर्यादा ठरली होती.’

कच्चा मशीनवाला यावर ‘काम तर तुमचंच झालं ना!’ असे सुनावतो. ते खरे असले तरी त्यातून पैसे निघत नाहीत. मुरलेला माणूस आधी चोवीस तासांची फोड करतो. इंजिन सुरू असले की मीटर पळतो. मग मशीन खोदत असो, उभे असो की रस्त्याने चालत असो. म्हणून नुसता मीटरचा आकडा पुरावा ठरत नाही. रोजची लॉगशीट हवी, त्यावर संध्याकाळी मालकाच्या माणसाची सही हवी. डिझेलच्या पावत्याही जुळाव्या लागतात. असे मशीन तासाला साधारण चार-पाच लिटर पिते, त्यामुळे फुगवलेले तास तिथे उघडे पडतात.

इथली फोड अशी निघते. ४ तास मशीन स्वतः रस्त्याने आले-गेले त्याचे. ने-आण त्याच्याकडेच होती, ते तास तो स्वतः कापतो. ११ तास वरच्या बाजूच्या गटाराचे. ते ऑर्डरमध्ये नव्हते, मालकाच्या सुपरवायझरने व्हॉट्सअपवर सांगितले. उरलेले ९ तास जांभ्याचे. वरची माती सरल्यावर दगड लागला आणि बकेटचे दात झिजत राहिले. ऑर्डरमध्ये शब्द ‘माती’ होता हे मालकाच्या विरुद्ध जाते. दगड लागल्या दिवशी काम थांबवून कळवले नाही, हे मशीनवाल्याच्या.

म्हणून मेलमध्ये तिन्ही गोष्टी एका सुरात येत नाहीत:

‘६० तासांची रक्कम मिळाली, ती अंशतः जमा धरली आहे. गटाराचे ११ तास आपल्या सूचनेवरून झाले, निरोप सोबत जोडला आहे: १३,२०० रुपये. जांभ्याचे ९ तास निम्मे-निम्मे सोसू: ५,४०० रुपये. ने-आणीचे ४ तास बिलातून वगळले. एकूण येणे १८,६०० रुपये.’

स्वतःहून सोडलेले ४ तास इथे मोठे काम करतात. ते वाचल्यावर गटाराच्या अकरांवर शंका घेणे मालकाला जड जाते.

कायद्याचा आधार भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७० मध्ये आहे. फुकट करण्याचा हेतू नसताना कायदेशीरपणे केलेल्या कामाचा लाभ दुसऱ्याने घेतला, तर त्याने मोबदला द्यायचा. ‘पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल’ या खटल्यात अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून बांधकाम झाले होते, रीतसर करार नव्हता; तरी सर्वोच्च न्यायालयाने ठेकेदाराला पैसे मिळवून दिले. पण ज्या कामाचा दर आणि मर्यादा करारातच ठरली आहे, तिथे हे कलम सहसा धावून येत नाही. म्हणून गटाराला त्याचा आधार भक्कम मिळतो, जांभ्याला कमजोर. निम्म्यावर तडजोड करण्याचे कारण तेच. सरकारी कामात हा प्रश्न आधीच बांधलेला असतो: सार्वजनिक बांधकाम खात्याच्या बी-१ निविदेत एखाद्या बाबीचे परिमाण २५ टक्क्यांहून जास्त वाढले की पुढच्या दराचा वेगळा विचार होतो. खासगी ऑर्डरीत असे कलम क्वचितच दिसते.

मेलचा उरलेला भाग पुढच्या कामाचा. माती सपाटीकरण पूर्ण झाले, ते बंद. गटाराचे दगडी अस्तर वगळले, ते गवंड्याचे काम. उरलेल्या जांभ्यासाठी ब्रेकर, वेगळा दर, कमाल १५ तास. बारावा तास झाला की लेखी निरोप. पंधराव्याला लेखी होकार नसेल तर मशीन थांबेल. शेवटी ‘मान्य असल्यास याच मेलला उत्तर द्यावे’ एवढी ओळ. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ नुसार, मेलवर झाला एवढ्याच कारणाने करार अमान्य ठरत नाही.

जुनी वसुली आणि नवी व्याप्ती एकाच मेलमध्ये, पण वेगळ्या शीर्षकांखाली असावी. एकत्र मिसळली तर मालक नव्या कामाला होकार देतो आणि जुन्या पैशांवर गप्प राहतो. पण मशीनवाल्यांनी लिहायला बिलापर्यंत थांबू नये. मीटर पन्नासाव्या तासाला पोचला की त्याच दिवशी पहिला निरोप जायला हवा.