बुटाच्या खोक्यातली जर्मन

अ‍ॅपने मला जर्मन शिकल्याबद्दल सलग २०० दिवस शाबासकी दिली. त्यानंतर भोसरीच्या आमच्या कारखान्यात मशीन बसवायला आलेल्या जर्मन इंजिनिअरने चहा पिताना सहज विचारलं, सकाळी किती वाजता उठता? प्रश्न कळला. उत्तराचं एक वाक्य मात्र जुळेना.

मग बुटाचं रिकामं खोकं घेतलं आणि पुठ्ठा लावून त्याचे पाच कप्पे केले. ही युक्ती लेखक झेबास्टिआन लाइटनर यांच्या १९७२च्या पुस्तकामुळे प्रसिद्ध झाली. रोज पाच नव्या चिठ्ठ्या, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला जर्मन. शब्द आठवला की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते, चुकला की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज उघडायचा, पुढचे अधिकाधिक अंतराने. नाम एकटं लिहायचं नाही, सोबत लिंग दाखवणारं देअर, डी किंवा डास हवंच. मराठीतही तीन लिंगं आहेत, तेव्हा हे सोपं जाईल असं वाटलं होतं. उलट तिथेच पाय घसरतो. चमचा दोन्हीकडे पुल्लिंगी, पण आपली सुरी तिकडे नपुंसकलिंगी, डास मेसर. सूर्य तर चक्क स्त्रीलिंगी!

ऐकायला डॉइच वेलेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या घेतल्या. सोबत लेखी मजकूर मिळतो. अख्खं बातमीपत्र झेपत नाही, म्हणून एकच बातमी, दहा मिनिटं. आधी न बघता ऐकायची, कानावर पडेल ते वहीत उतरवायचं, मग मजकुराशी ताडून बघायचं. माझे शब्द बरेचदा बरोबर असत, त्यांची शेपटं गळालेली असत.

खरी फजिती बोलताना झाली. रोज पाच वाक्यं फोनवर रेकॉर्ड करू लागलो. ‘मी सहाला उठतो’ हे जर्मनमध्ये ‘इश श्टेहे उम झेक्स ऊर आउफ’. ‘उठणे’ म्हणजे ‘आउफश्टेहेन’. वाक्यात त्याचे दोन तुकडे होतात आणि ‘आउफ’ शेवटी जाऊन बसतो. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये तो बहुतेक वेळा गायब. अ‍ॅपवर ही चूक कधीच झाली नव्हती, कारण तिथे उरलेला ‘आउफ’ स्क्रीनवर दिसत राहायचा! उपाय म्हणून वाक्य मागून बांधलं: आधी ‘आउफ’, मग ‘झेक्स ऊर आउफ’, मग पूर्ण. दहा-बारा दिवसांत जीभ वळली.

रेकॉर्डिंगमध्ये आपल्याला ठाऊक असलेलीच चूक सापडते. ई म्हणताना ओठ ऊसारखे गोल करून काढायचा स्वर मला बरोबर वाटायचा. तो इंजिनिअर पुन्हा आला तेव्हा हसला आणि तीनदा म्हणवून घेतला. उठण्याची वेळ मात्र मी त्याला ‘आउफ’सकट सांगितली.

डास मेसरची चिठ्ठी अजून पहिल्याच कप्प्यात आहे.