मॅनेजर गेले, अर्ज कुणाकडे?

मी पुण्यात एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. ही माझी पहिली नोकरी, आणि ती बदलायचा हा पहिलाच प्रयत्न. दुसऱ्या एका मोठ्या कंपनीत माझे दोन राउंड झाले होते, पहिला टेक्निकल आणि दुसरा थेट हायरिंग मॅनेजरबरोबर. दुसरा राउंड छान झाला. शेवटी ते म्हणाले, "पुढच्या आठवड्यात एचआरचा फोन येईल." फोन काही आला नाही. मग मी त्यांनाच दोन ओळींचा मेल टाकला, तर तो लगेच परत आला. जीमेलवर वर लिहिलं होतं "Address not found" आणि खाली 550 5.1.1 असा आकडा.

आधी वाटलं, पत्ता चुकला असेल. जुन्या मेलमधून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं, पत्ता बरोबर होता. याच पत्त्यावरून मला मुलाखतीचं निमंत्रण आलं होतं. माणूस रजेवर असेल तर "मी अमुक तारखेपर्यंत नाही" असं आपोआप उत्तर येतं. काही कंपन्या गेलेल्या माणसाच्या पत्त्यावरही "आता यांच्याशी बोला" असा निरोप ठेवतात. पण पत्ता बरोबर असून तो अस्तित्वातच नाही असं सर्व्हर सांगत असेल, तर बहुतेक वेळा खातंच बंद केलेलं असतं. लिंक्डइनवर पाहिलं, तर त्यांनी नव्या कंपनीचं नाव टाकलेलं होतं.

मी पार गोंधळून गेले. मला वाटत होतं, ज्यांनी मला पसंत केलं तेच गेले, म्हणजे माझंही संपलं. आणि कंपनीच्या करिअर पोर्टलवर माझ्या नावापुढे अजून "Under Review" दिसत होतं. यातलं खरं काय धरायचं?

त्या कंपनीत आमच्या गावचा एक दादा आहे, त्यानेच माझा रेझ्युमे रेफर केला होता. त्याला फोन केला. तो म्हणाला, "अगं, जागा मॅनेजरची नसते, कंपनीची असते. आधी रिक्विझिशन जिवंत आहे का ते विचार."

रिक्विझिशन म्हणजे एक जागा भरायची मंजुरी, हे मला तेव्हा कळलं. तिला नंबर असतो, बजेट कोणत्या विभागाचं ते ठरलेलं असतं, आणि सिस्टिममध्ये हायरिंग मॅनेजर म्हणून एका माणसाचं नाव लावलेलं असतं. तो माणूस गेला की रिक्विझिशन आपोआप बंद होत नाही, पण आपोआप पुढेही सरकत नाही. कुणीतरी तिथे नवं नाव लावावं लागतं. तोवर फीडबॅक मंजूर करणारं कुणी नसतं, आणि रिक्रूटरही हात लावत नाही. पोर्टलवरचं "Under Review" हे कुणीतरी बटण दाबेपर्यंत तसंच राहतं. त्यामुळे ते बदललं नाही, यातून आशाही करता येत नाही आणि निराशाही.

दादाने तीन शक्यता सांगितल्या. एक, जागा तशीच नव्या मॅनेजरकडे गेली आहे. मग फक्त उशीर होतो. दोन, नवा माणूस येईपर्यंत ती होल्डवर आहे. मग त्याची मुदत कुणालाच सांगता येत नाही. तीन, जुनी रिक्विझिशन बंद करून वेगळ्या कामासाठी नवी काढली आहे. मग कदाचित पुन्हा अर्ज करावा लागतो. तिसरी शक्यता बाहेरूनही ओळखता येते. करिअर पेजवर तसंच पद नव्या नंबरने दिसू लागतं, आणि कौशल्यांची यादी थोडी बदललेली असते. मी पाहिलं, माझ्या पदाचा नंबर तोच होता.

मग मी रिक्रूटरला मेल लिहिला. आधीचे माझे दोन मेल "Any update?" एवढेच होते, आणि त्यांना उत्तर आलं होतं, "प्रोसेसमध्ये आहे." या वेळी विषयात पदाचं नाव, रिक्विझिशन नंबर आणि माझं नाव टाकलं. मजकूर इंग्रजीत होता, पण आशय असा: दोन्ही राउंड अमुक तारखांना झाले. हायरिंग मॅनेजर बदलले आहेत असं दिसतं. ही जागा अजून सुरू आहे का? आता ती कुणाकडे आहे? माझ्या दोन्ही राउंडचा फीडबॅक सिस्टिममध्ये नोंदलेला आहे का? नव्या मॅनेजरना माझ्याशी बोलायचं असेल, तर मी संध्याकाळी सहानंतर कधीही मोकळी आहे. मॅनेजर का गेले, हे मात्र विचारलं नाही. दादाने बजावून सांगितलं होतं की त्याचं उत्तर रिक्रूटर देऊ शकत नाही, आणि प्रश्नामुळे तो उगाच सावध होतो.

त्या दरम्यान मी जुन्या मॅनेजरना लिंक्डइनवर अभिनंदनाचा संदेश पाठवला, आणि काम कुणाकडे सोपवलं तेवढं विचारलं. त्यांचं उत्तर आपुलकीचं होतं. "तुमच्याबद्दल मी रिक्रूटरला चांगलंच सांगितलंय," असं त्यांनी लिहिलं. मला फार बरं वाटलं. दादा मात्र म्हणाला, "सांगितलंय की भरलंय, ते बघ."

रिक्रूटरचा दुसऱ्या दिवशी फोन आला, आणि तिथेच सगळं उलगडलं. जागा सुरू होती, दुसऱ्या टीमच्या मॅनेजरबाईंकडे वर्ग झाली होती. टेक्निकल राउंडचा फीडबॅक फॉर्म भरलेला होता, गुणांसकट. मॅनेजर राउंडचा फॉर्म कोरा होता. जुन्या मॅनेजरनी तोंडी होकार दिला आणि ते फॉर्म न भरताच गेले. तोंडी होकारावर ऑफरची मंजुरी निघत नाही, म्हणून अर्ज तिथेच अडकला होता. "मॅमना एकदा तुमच्याशी बोलायचंय," रिक्रूटर म्हणाला. मी विचारलं, हा राउंड पूर्ण नव्याने आहे की फक्त ओळख? तो म्हणाला, नव्यानेच धरा.

हा प्रश्न विचारला ते फार कामी आलं. आधीच्या राउंडमध्ये माझ्या मॅन्युअल टेस्टिंगवर भर होता. नव्या मॅडमच्या टीमला एपीआय टेस्टिंग करणारी व्यक्ती हवी होती. मी रिक्रूटरकडून बदललेलं जॉब डिस्क्रिप्शन मागून घेतलं आणि पोस्टमनवर केलेल्या कामाची उजळणी केली. मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "लॉगिनच्या एपीआयला चुकीचा पासवर्ड दिला आणि उत्तर 200 आलं, तर काय कराल?" मी म्हटलं, तो बग म्हणून नोंदवीन, कारण तिथे सहसा 401 यायला हवा, पण आधी बॉडीत काय आलंय ते वाचीन, काही जुन्या सिस्टिम 200 देऊन एररचा संदेश बॉडीत पाठवतात. तिथून गप्पाच सुरू झाल्या.

राउंड संपल्यावर त्यांनाच विचारलं, निर्णय साधारण कधी आणि तो मला कोण कळवेल. त्यांनी रिक्रूटरचं नाव आणि शुक्रवार सांगितला. शुक्रवारी रिक्रूटरचा फोन आला, पगाराचं बोलणं झालं, आणि आता पोर्टलवर "Offer Approval" दिसतंय. आई विचारतेय राजीनामा कधी देणार. माझा नोटीस पिरियड 90 दिवसांचा आहे. मंजुरीच्या साखळीत अजून विभागप्रमुखांची सही बाकी आहे, असं रिक्रूटरने स्पष्ट सांगितलंय. ऑफर लेटर हातात येईपर्यंत मी राजीनामा देणार नाही, असं आईला सांगितलंय.