वेलांटी कुणाची?

दिवाळीच्या सुट्टीनंतर तिसरीच्या वर्गात मी एका मुलीला पुस्तकातला पहिला धडा वाचायला सांगितला. तिने न अडखळता वाचला. आवाज स्वच्छ होता, पूर्णविरामाला थांबणंही बरोबर होतं. माझं लक्ष मात्र तिच्या बोटाकडे गेलं. तोंड तिसऱ्या ओळीवर आणि बोट चौथीच्या मध्यावर होतं. मी पुस्तक मिटलं, तरी पुढची दोन वाक्यं आलीच. मग त्याच धड्यातलं एक वाक्य मी फळ्यावर लिहिलं. ते तिला वाचता आलं नाही.

आमची शाळा बीड जिल्ह्यातली, दोन शिक्षकी. तिसरी आणि चौथी एका खोलीत बसतात. या मुलीचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आसपास परततात. पहिली-दुसरीत तीही त्यांच्याबरोबर जायची. यंदा प्रथमच ती आजीजवळ राहिली होती. म्हणजे दोन वर्षं तिला शाळा मिळाली ती जून ते ऑक्टोबर. त्या महिन्यांत पहिलीत मुळाक्षरं आणि काना होतो. वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार यांचा नंबर दिवाळीनंतर लागतो. दुसरीच्या जूनमध्ये ती परत आली, तेव्हा वर्ग धडे वाचत होता. तिथे ती ऐकून पाठ करायला शिकली.

हे मला सुचलं ते तिच्या चुका लिहून काढल्यावर. तोवर मीही ‘वाचन कच्चं’ एवढंच म्हणत होते, आणि त्या शेऱ्यावर काहीच करता येत नाही. मी एका कागदावर अक्षरं उलटसुलट क्रमाने लिहिली, खाली पंधरा शब्द आणि चार साधी वाक्यं. अक्षरं तिला जवळपास सगळी आली, घ आणि ध तेवढे अडले. ‘काका’, ‘दार’, ‘पान’ आले. ‘पाणी’ला तिने ‘पान’ म्हटलं, ‘कविता’ला ‘किवता’, ‘खीर’ला ‘खार’. बाराखडी मात्र तोंडपाठ होती, ‘क का कि की’ झरझर म्हणायची. मधलंच ‘मि’ दाखवलं की पुन्हा ‘म’पासून सुरुवात करून बोटं मोजत तिथवर यायची. बाराखडी तिच्यासाठी गाणं होतं, वाचायची वस्तू नव्हती.

मग ठरवलं, एका आठवड्याला एकच खूण. रोज परिपाठानंतर वीस मिनिटं. तेवढा वेळ बाकीची मुलं लेखनाला बसतात. खिचडीनंतरचा वेळ मी घेतला नाही. तो खेळाचा असतो, आणि खेळ काढून घेऊन वाचायला बसवलं की वाचन ही शिक्षा होते.

पहिला आठवडा वेलांटीचा. त्यासाठी मी सत्तावीस शब्दांचा उतारा लिहिला: ‘मिनीची आई विहिरीवर गेली. विहिरीत पाणी कमी होते. दोरी लहान पडली. मिनीने घरी पळत जाऊन दुसरी दोरी आणली. आईने ती दोरी जुनीला बांधली. घागर भरली. मिनी हसली.’ एकही जोडाक्षर नाही, उकार दोनच, आणि वेलांट्या भरपूर. पुस्तकातला धडा मी मुद्दाम टाळला, कारण तो तिच्या कानात होता.

सोमवारी शिकवायचं नाही, फक्त ऐकायचं. माझ्या हातात त्याच उताऱ्याची दुसरी प्रत असते. चुकलेल्या शब्दावर ती जे म्हणाली तेच लिहायचं, नुसती फुली मारायची नाही. फुलीवरून मंगळवारी काय करावं ते कळत नाही, ‘विहिरीत’ला ‘वहरत’ म्हणाली यावरून कळतं. तिला दोन मिनिटं दहा सेकंद लागले आणि आठ शब्द चुकले. मग मी उतारा वाचून दाखवला आणि आम्ही विहिरीबद्दल बोललो. तिच्या वस्तीवर विहीर आहे, दोरी तोकडी पडणं तिला ठाऊक होतं. हे बोलणं ठेवायचंच, कारण अर्थ हाताशी नसला की मूल आवाज जुळवूनही शब्द ओळखत नाही.

मंगळवार पाटीचा. पाटीवर ‘तर’ लिहिलं. वाचलं. काना दिला, ‘तार’. बोटाने काना पुसून वेलांटी दिली, ‘तीर’. तीही पुसली आणि ‘र’ला दिली, ‘तरी’. अक्षरं जागची हलली नाहीत, फक्त खूण बदलली. ‘वर, वार, वीर, वारी’ असंच. पुसायचं काम मी तिच्याकडे दिलं. आपल्या बोटाने खूण पुसली की आवाज बदलतो, हे तिने त्या दिवशी बहुधा पहिल्यांदा पाहिलं. चौथ्या शब्दाला ती मी सांगायच्या आधी पुसू लागली.

‘किवता’चं कोडं मात्र वेगळं होतं. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि बोलताना नंतर. ‘कविता’मध्ये ती ‘क’ आणि ‘व’ यांच्या मधे उभी असते. डावीकडून येणाऱ्या डोळ्याला ती ‘क’ची वाटते, कारण काना त्याच जागी असतो आणि तो आधीच्या अक्षराचा असतो. जे एवढं एकच नीट शिकलं आहे, ते मूल इथे चुकणारच. मी तिला वेलांटीची कमान दाखवली. दांडी कुठेही असो, कमान ज्या अक्षरावर झुकते त्याची ती वेलांटी. दुसऱ्या वेलांटीचीही कमान तशीच, फक्त उलट बाजूने येते. तिने पेन्सिलीने उताऱ्यातली एकेक कमान गिरवली आणि प्रत्येक ठिकाणी ‘ही कुणाची?’ असं मला विचारू लागली. दोन ओळींनंतर विचारणं थांबलं, गिरवणं चालू राहिलं. ऱ्हस्व-दीर्घाचा काथ्याकूट मी या टप्प्यावर करत नाही. वाचताना तो अडत नाही, आणि लिहिण्यासाठी पुढे वेळ आहे.

बुधवारच्या कामाला मी शिडी म्हणते. आपल्या भाषेत शब्द एकटा राहत नाही, त्याला मागून डबे जोडले जातात. ‘विहीर’ येणाऱ्या मुलाला ‘विहिरीतल्या’ येईल असं आपण धरून चालतो. पण बघा, ‘विहीर’मधल्या ‘ही’ची वेलांटी उजवीकडे आहे. ‘विहिरीत’ म्हटलं की ती ऱ्हस्व होऊन डावीकडे उडी मारते, आणि ‘र’ला नवी वेलांटी लागते. ‘शाळा’ची ‘शाळेत’ होते, ओळखीचा काना गायब. मोठ्यांच्या लक्षात येत नाही, पण मुलासमोर ओळखीचा शब्द अनोळखी तोंडाने येतो. वाक्य वाचताना जी अडखळ होते, तिच्यातली कितीतरी या शेपटांपाशी होते. म्हणून वहीत एकाखाली एक लिहायचं: विहीर, विहिरी, विहिरीत, विहिरीतून, विहिरीतला. वरून खाली, मग खालून वर, मग मधलाच एखादा. प्रत्येकाचं तोंडी वाक्य करायचं, म्हणजे शेपटीचा अर्थही बरोबर राहतो. रोजच्या पाच-सहा शब्दांच्या अशा शिड्या केल्या की पुरे.

गुरुवारी पुन्हा उतारा, पण गटागटाने. शब्दांमधे मी पेन्सिलीच्या बारीक रेघा मारते: ‘मिनीने घरी / पळत जाऊन / दुसरी दोरी आणली’. आधी मी एक गट वाचायचा, मग तिने, मग दोघींनी मिळून. शेवटी रेघा खोडायच्या. अडलेल्या शब्दाला मी मनात पाच अंक मोजते. ही सवय लावून घ्यायला मलाच कष्ट पडले, कारण मुलाचं थांबणं शिक्षकाला सोसत नाही. पाच होऊनही आलं नाही तर शब्द सांगत नाही. पुढची अक्षरं बोटाने झाकते आणि एकेक उघडते. शब्दच तिच्या ऐकण्यात नसेल तर मात्र सरळ सांगून पुढे जावं.

शुक्रवारी तोच उतारा ती बावन्न सेकंदांत वाचून गेली. दोन चुका झाल्या. इथे भुलायचं नाही. ही मुलगी पाठ करण्यात तरबेज होती, आणि एकच उतारा आठवडाभर वाचला की कुणालाही पाठ होतो. म्हणून शुक्रवारचा खरा कागद दुसराच असतो. त्याच शब्दांची नवी जुळणी: ‘आई घरी गेली. घरी पाणी कमी होते. मिनी विहिरीवर गेली. दोरी विहिरीत पडली.’ पहिली तीन वाक्यं ती सावकाश वाचत गेली. चौथ्याला म्हणाली, “दोरी लहान पडली.” मी गप्प राहिले. बोट मागे आलं, कमानीवर थांबलं, आणि ती म्हणाली, “नाही बाई, विहिरीत पडली.” त्या आठवड्याच्या नोंदीत मी सेकंदांच्या वर हेच लिहिलं. स्वतःहून मागे येऊन सुधारणं हे पाठांतरात होत नाही.

शनिवारी सकाळची शाळा. त्या दिवशी नवीन काही नाही, मागच्या आठवड्यांचे शब्द आणि दोन-तीन वाक्यांचं श्रुतलेखन. रविवारी ती उतारा आजीला वाचून दाखवते. आजीला अक्षरओळख नाही. तिला मी एवढंच सांगितलं, की ऐका आणि शेवटी विचारा, मग काय झालं? तिला हे काम माझ्यापेक्षा चांगलं जमतं. एका सोमवारी पोर तक्रार घेऊन आली, की दोरीला गाठ कशी मारली ते आजी विचारते आणि उताऱ्यात ते लिहिलेलंच नाही.

वेलांटीला दोन आठवडे गेले, उकाराला दीड, मात्रांना दोन, अनुस्वाराला एक. पाचव्या आठवड्यात माझी चूक झाली. तिसरीच्या मुलाने मिनिटाला निदान साठ शब्द समजून वाचावेत असं निपुण भारतचं उद्दिष्ट आहे. ती तीसच्या आत होती. मी मोबाइलचं घड्याळ तिच्यासमोर ठेवलं. आकडा लगेच एक्केचाळीसवर गेला, पण त्यातले अकरा शब्द चुकीचे होते. ‘गेला’चं ‘गेली’, ‘मुलांनी’चं ‘मुलगी’. पहिलं अक्षर बघून ठोकून द्यायची जुनी सवय परत आली होती. गोष्ट विचारली तर सांगता येईना. घड्याळ उचललं. त्यानंतर मी वाचन ध्वनिमुद्रित करून ठेवते आणि वेळ मागाहून मोजते. ठोकून द्यायची सवय पुन्हा सुटायला आठ दिवस गेले.

ही घडी सगळ्यांना लागू पडत नाही. तीन आठवडे एकच खूण घेऊन ती टिकत नसेल, तर मी आधी डोळे आणि कान तपासायला सांगते. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्यांना त्या मुलाचं नाव वेगळं काढून देते. पुस्तक नाकाशी धरणारं किंवा फळ्यावरून उतरवताना शेजाऱ्याच्या वहीत बघणारं मूल आधी तिकडे पाठवावं. घरी गोरमाटी बोलणाऱ्या मुलाला सोमवारचं बोलणं दुप्पट लागतं. आणि ज्याला अक्षरंच पक्की नाहीत, त्याला हा उतारा देऊ नये.

फेब्रुवारी संपताना ती न पाहिलेला उतारा मिनिटाला अडतीस शब्दांनी वाचते, चुका तीन-चार. साठ अजून दूर आहेत. जोडाक्षरं सुरू झाली आहेत आणि आता रफार अडतो आहे. तो पहिल्या वेलांटीच्या उलट वागतो. बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर आणि बोलायचा असतो त्याच्या आधी. ‘सूर्य’ ती ‘सूय’ वाचते, ‘गर्दी’ ‘गदी’. येत्या आठवड्याचा उतारा मी आत्ताच लिहून काढला, पण सोमवारचा पहिला शब्द कागदावर घेणार नाही. आमच्या खोलीच्या दारावर जूनपासून पाटी आहे, ‘वर्ग तिसरी’. ती रोज तिच्याखालून आत येते. सोमवारी तिला तिथेच थांबवणार आहे.