सहा मिनिटांत ‘बनगरवाडी’ : पॉडकास्टची संहिता लिहिताना

आमच्या आटपाडी तालुक्यातल्या मुलांना ‘बनगरवाडी’ परकी नाही. व्यंकटेश माडगूळकरांचं माडगुळे गाव इथलंच. कादंबरी १९५५ साली पुस्तकरूपात आली, पण तिच्यातली मेंढरं, माळ आणि दुष्काळ मुलांना आजही ओळखीचे वाटतात. म्हणून सातवीला अवांतर वाचनासाठी मी हीच नेमली. काम असं होतं : ज्यांनी अजून वाचली नाही त्या वर्गमित्रांसाठी सहा मिनिटांच्या पॉडकास्टची संहिता लिहायची. चार-चार मुलांचे गट केले.

सगळ्यात आधी वेळ मोजली. प्रत्येकानं एक मिनिट घड्याळ लावून मोठ्यानं वाचलं आणि शब्द मोजले. आमच्या मुलांचा वेग मिनिटाला साधारण ११० शब्द निघाला. म्हणजे सहा मिनिटांना ६६० शब्द. तुमच्या वर्गाचा आकडा वेगळा येईल, तो मोजूनच घ्या. मनातल्या मनात वाचून मोजलं तर फसगत होते, कारण डोळे जिभेपेक्षा वेगानं धावतात.

मग फळ्यावर भाग पाडले. सुरुवात अर्धा मिनिट, पुस्तक-लेखकाची ओळख पाऊण मिनिट, कथा दीड मिनिट, एका पात्राबद्दल दीड मिनिट, आमचं मत एक मिनिट, समारोप पाऊण मिनिट. समोर शब्द लिहिले : ५५, ८०, १६५, १६५, ११०, ८५.

एका गटाचा पहिला खर्डा १,०२० शब्दांचा आला, म्हणजे सव्वानऊ मिनिटं! त्यातले ६४० शब्द नुसत्या कथेचे. तरुण मास्तर वाडीत येतो, बंद शाळा सुरू करतो, तालीम बांधली जाते, दुष्काळ पडतो, वाडी रिकामी होते... सगळं ओळीनं. मी एवढंच विचारलं, “हे ऐकल्यावर तुमचा मित्र पुस्तक का उघडंल?” एक पोरगी म्हणाली, “गुरुजी, उघडायचंच न्हाई की. सगळं कळलंच त्याला.”

मग त्यांनीच नियम केला : कथा अशा ठिकाणी थांबवायची जिथं प्रश्न उभा राहतो. त्यांनी तालीम बांधायचं ठरतं तिथं थांबवली. पुढं एकच वाक्य : “तालीम उभी राहिली का, आणि वाडीचं पुढं काय झालं, ते पुस्तकात वाचा.” ६४० शब्दांचे १६० झाले.

दुसरी अडचण मताच्या भागात आली. “कादंबरी खूप छान आहे, सर्वांनी वाचावी.” असं वाक्य कुठल्याही पुस्तकाला चालतं, म्हणून ते परीक्षण नव्हे. मी सांगितलं, प्रत्येक मताच्या शेजारी पान नंबर लिहा. ज्या मताला पान सापडत नाही ते काढा. मग कुणी कारभाऱ्याचं पान शोधलं : आधी मास्तरला आधार देणारा हा म्हातारा नंतर गैरसमजानं रागावतो, आणि तरी आपल्याला वाईट वाटत नाही, उलट खरा वाटतो. त्याच पोरीनं न आवडलेलंही लिहिलं, की अंजीच्या मनात काय चाललंय हे आपल्याला मास्तरच्या नजरेतूनच कळतं. सातवीतल्या मुलीनं निवेदकाचा प्रश्न पकडला होता, शब्द तेवढा तिला माहीत नव्हता.

तिसरी गोष्ट भाषेची. मुलं लिहायला बसली की “सदर कादंबरीमध्ये लेखकाने चित्रण केलेले आहे” असं लिहितात. कानाला ते निबंधासारखं लागतं. उपाय साधा. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी कागद न बघता ऐकायचं. जिथं वाचणाऱ्याचा श्वास तुटतो तिथं वाक्य तोडायचं, जिथं ऐकणारा “काय?” म्हणतो तिथं शब्द बदलायचा. माणदेशी बोली कुठं वापरायची हे मुलांनी ठरवलं : गप्पांत बोली, लेखकाच्या ओळखीत प्रमाण मराठी.

संहितेचा कागद तीन रकान्यांचा ठेवला : वेळ, कोण बोलणार, काय बोलणार. मेंढरांच्या घंटीचा आवाज सुरुवातीला पाच सेकंद, तोही तिथंच लिहिला. अशा आवाजांना आणि विरामांना मिळून अर्धा मिनिट जातो, म्हणून शब्द ६६० ऐवजी ६०० च्या आसपास आणले. प्रत्येक भागातून थोडं थोडं कापलं. वाचून बघितल्यावर पाच मिनिटं पन्नास सेकंद भरले.

गुण देताना मी आवाज किंवा रेकॉर्डिंग बघितलं नाही. तीनच गोष्टी बघितल्या : शेवट झाकला का, मताला पान आहे का, आणि वेळ पाळली का. पालकांनी घरी मदत करायची असेल तर लिहून देऊ नका. घड्याळ धरून समोर बसा, आणि न समजलेल्या जागी “काय?” म्हणा.